केस तीन रंगांचे झाले, मग सलॉनवाल्या ताईंना लिहिलेलं पत्र

ज्यांना हेडफोन सापडत नाहीत किंवा ऑफिसमध्ये लपून वाचायचंय, त्यांच्यासाठी हा या वेळच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना माझे जे शंभर ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ झाले होते, ते काढून टाकलेत. ऑडिओत मी पत्र घाईत वाचलं अशी तक्रार आली, म्हणून इथे ते पूर्ण देतेय.

तर विषय माझ्याच डोक्यावरचा आहे. मावसबहिणीचं लग्न 30 नोव्हेंबरला. मी 8 नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी, सातपूरमध्येच घराजवळच्या एका सलॉनमध्ये ग्लोबल कलर करून घेतला. ग्लोबल म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सगळ्या केसांना एकच रंग. बिल 3,800 रुपये, यूपीआयने दिले. तिथल्या पिवळ्या लाइटमध्ये आरशात बघितलं तर काय भारी दिसत होतं! सेल्फी काढला, स्टेटसला टाकला, घरी आले.

रविवारी सकाळी गॅलरीत केस विंचरत उभी होते. आई चहा घेऊन आली, थांबली आणि म्हणाली, “अगं, हे वरती केशरी का दिसतंय?”

खरंच केशरी होतं. भांगाच्या दोन्ही बाजूंना, मुळाशी साधारण दोन बोटं केस तांब्याच्या भांड्यासारखे चमकत होते. त्याच्याखाली ठीकठाक ब्राउन. खालची चार बोटं मात्र आधी होती तशीच काळी. आणि उजव्या कानामागचे केस उचलले तर तिथे तीन बोटं रुंदीचा एक पट्टा, ज्याला रंग लागलेलाच नव्हता.

माझा पहिला मेसेज टाइप करून झाला होता. “तुमच्या त्या नव्या मुलीला काही येत नाही, माझे केस खराब केले, पैसे परत करा नाहीतर गुगलवर एक स्टार देते.” पाठवायचं बटण राहिलं होतं फक्त. ते दाबलं नाही याचं श्रेय आईला. ती सलॉन चालवणारी ताई आणि आई एकाच भिशीत आहेत. आई म्हणाली, “तू वाकडं बोललीस तर मला भिशीला जायला तोंड राहणार नाही. आणि त्या पोरीचा पगार कापतील तो वेगळाच.”

ही दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. रंग लावणारी मुलगी शिकाऊ होती, मला वाटतं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. शनिवारची गर्दी, दोन खुर्च्यांवर एकाच वेळी तिची धावपळ चालली होती. माझ्या एका ओळीने तिच्या महिन्याच्या पैशांवर पाणी पडलं असतं. पण म्हणून मी 3,800 रुपये देऊन लग्नात तीन रंगांचे केस घेऊन फिरायचं का? तर तेही नाही. मग पत्र लिहायचं ठरवलं.

आता पत्रात काय लिहायचं हे कळण्यासाठी आधी मला हे समजून घ्यावं लागलं की माझ्या केसांचं नक्की झालं काय. हा भाग थोडा सावकाश सांगते, कारण इथेच बहुतेकांची तक्रार फसते. आपण लिहितो ‘रंग खराब आला’. समोरचा म्हणतो ‘असाच येतो’. संपला विषय.

केसांच्या रंगाची एक पट्टी असते, 1 ते 10. 1 म्हणजे अगदी काळा, 10 म्हणजे एकदम फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेकांचे केस 1 ते 3 मध्ये येतात. मी कार्डवरच्या 6 नंबरवर बोट ठेवलं होतं. कार्डवरचे ते छोटे रेशमी झुपके फिकट धाग्यांवर रंगवलेले असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काळ्या केसांवर तोच 6 नंबर त्याहून गडद आणि जास्त लालसर दिसतो. म्हणजे कार्डसारखा रंग मला ब्लीच न करता मिळणारच नव्हता. तेव्हा ‘कार्डसारखा आला नाही’ ही तक्रार पत्रातून आधीच बाद.

पुढचं. काळ्या केसांवर रंग चढायला आधी आतला काळेपणा थोडा कमी व्हावा लागतो. ते काम रंगात मिसळलेलं डेव्हलपर करतं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम. त्यावर ‘व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6 टक्के, 30 म्हणजे 9 टक्के. आकडा जितका मोठा तितका केस जास्त उजळतो. आणि काळा केस उजळायला लागला की आतून आधी लाल, मग केशरी, मग पिवळा बाहेर येतो. माझ्या मुळांशी तोच केशरी डोकावत होता.

पण मुळांशीच का? कारण डोक्याची त्वचा गरम असते. तिला लागून असलेल्या बोटभर-दोन बोटं केसांवर हीच प्रक्रिया खालच्यापेक्षा लवकर होते. म्हणून आधी न रंगवलेले केस उजळायचे असतील तर आधी मधल्या भागाला रंग लावतात आणि मुळांना शेवटी. माझ्या मुळांपासून एकाच फटक्यात खालपर्यंत रंग लावला होता, हे मला नीट आठवत होतं, कारण सगळ्यात आधी टाळूलाच गार लागलं होतं. या केशरी मुळांना सलॉनवाले ‘हॉट रूट्स’ म्हणतात. नाव माहीत झालं, तरी पत्रात मी ते वापरलं नाही. का, ते पुढे सांगते.

कानामागचा पट्टा त्याहून सोपा. केसांचे जाड जाड भाग घेतले, घाई केली, की मधल्या केसांपर्यंत क्रीम पोचतच नाही. मागची बाजू आणि कानामागची जागा या दोन ठिकाणी हे सर्रास होतं, कारण ते आरशात दिसत नाही. हे तपासायचं असेल तर घरी आल्यावर केस कोरडे असताना खिडकीशी उभं राहा, भांग चार ठिकाणी पाडा: मधोमध, दोन्ही कानांच्या वर, आणि मागे मानेपासून वर. ओल्या केसांवर निवाडा करू नका. ओले केस गडद दिसतात आणि सगळं सारखंच वाटतं.

राहिली खालची काळी चार बोटं. आणि इथे माझीच पंचाईत. दोन वर्षांपूर्वी मी घरी काळी मेहंदी लावली होती. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे केस आता बरोबर टोकाला. आणि पाकिटातली ‘काळी मेहंदी’ ही नुसती मेहंदी नसते. मेहंदीच्या पाल्याने केस काळे होत नाहीत, लालसर होतात. काळेपणा येतो तो त्यात मिसळलेल्या डायमुळे. आणि डायवर डाय लावून केस उजळत नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. वर कितीही फिकट रंग लावा, खाली आधीचा कृत्रिम रंग हलत नाही. सलॉनमध्ये मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विचारणं त्यांचं काम होतं, हे खरं. पण टोकांचा सगळा दोष त्यांच्यावर टाकणं मला पटलं नाही.

असा हिशोब मांडल्यावर तक्रार तीन तुकड्यांत पडली. मुळं आणि कानामागचा पट्टा हा लावण्यातला दोष. टोकं अर्धी त्यांची, अर्धी माझी. आणि कार्डवरचा रंग न येणं हा कोणाचाच दोष नाही. एका रागाच्या मेसेजमध्ये मी हे सगळं एकत्र कालवलं होतं.

एक महत्त्वाचं मध्येच सांगून टाकते. टाळूची आग होतेय, फोड आलेत, डोळे सुजलेत, तर हा पत्राचा विषय नाही. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. डायची अॅलर्जी ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. तिच्यासाठीच रंगाच्या 48 तास आधी कानामागे किंवा कोपरावर थोडा रंग लावून बघतात.

आता पुरावा. ‘पुरावा’ म्हटलं की कोर्टात चाललोय असं वाटतं, पण फोटोच काढायचेत. रविवारीच काढले, सकाळी दहाच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर बंद. एक युक्ती अशी की केसांच्या शेजारी पांढरा कागद धरा. फोन स्वतःच्या मनाने फोटो पिवळा-निळा करतो. शेजारचा कागद पांढरा दिसत असेल तर केसांचा रंगही खरा मानता येतो. एकूण चार फोटो: वरून भांग, उजवा कान केस उचलून, मागची बाजू, आणि टोकं हातात धरून. तीसेक फोटो पाठवू नका, समोरचा माणूस एकही नीट बघत नाही. मी जपून ठेवलेली दुसरी गोष्ट म्हणजे यूपीआयची पावती आणि बिल.

आणि एक न करण्याची गोष्ट. दुकानातून डायची डबी आणून घरी ‘थोडं नीट’ करायला जाऊ नका. लिंबू नको, मेहंदी तर नकोच. एकदा तुम्ही हात लावलात की कोणी काय केलं हे कोणालाच सांगता येत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही आणखी एक थर सोडवावा लागतो. म्हणून पत्रही लवकर द्यायचं. पंधरा-वीस वेळा धुतल्यावर रंग तसाही उतरतो. मग ‘पहिल्या दिवशी छान होता, तुम्हीच शॅम्पू चुकीचा वापरला’ असं म्हणायला जागा राहते.

सलॉन सोमवारी बंद. मंगळवारी 11 तारखेला सकाळी, गर्दी नसताना, मी पत्र हातात नेऊन दिलं आणि फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. पत्र हे असं होतं. त्यातली नावं काढलीत.

मंगळवार, 11 नोव्हेंबर 2025
सातपूर, नाशिक

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी, 8 नोव्हेंबरला संध्याकाळी साडेपाच वाजता मी आपल्याकडे ग्लोबल कलर करून घेतला. शेड 6 नंबर, बिल 3,800 रुपये. बिलाची प्रत सोबत आहे.

दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिल्यावर रंग सगळीकडे सारखा बसलेला नाही असं लक्षात आलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना मुळाशी दोन बोटं केस केशरी दिसतात. उजव्या कानामागे तीन बोटं रुंदीच्या भागाला रंग लागलेला नाही. टोकाकडची चार बोटं काळीच राहिली आहेत. रविवारी सकाळी काढलेले चार फोटो आपल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवत आहे. त्यानंतर मी केसांना घरी काहीही लावलेलं नाही.

एक गोष्ट मी त्या दिवशी सांगायची राहून गेले. दोन वर्षांपूर्वी मी घरी काळी मेहंदी लावली होती. टोकं त्यामुळे उजळली नसतील हे मला समजतं. त्यामुळे टोकांचं काय करता येईल हे आपण बघून सांगावं. मुळं आणि कानामागचा भाग मात्र बाकीच्या केसांशी जुळवून द्यावा, ही विनंती.

हे काम आपण स्वतः बघावं आणि त्यासाठी वेगळे पैसे पडू नयेत, एवढीच अपेक्षा आहे. आधी एका बटेवर करून बघितलं तर मला धीर येईल. 30 तारखेला घरात लग्न आहे, म्हणून 20 नोव्हेंबरपर्यंतची एखादी वेळ मिळाली तर बरं होईल. मी मंगळवार ते गुरुवार दुपारी कधीही येऊ शकते.

काही कारणाने दुरुस्ती शक्य नसेल, तर शनिवार, 15 तारखेपर्यंत तसं कळवावं आणि त्या दिवशी वापरलेला शेड नंबर व डेव्हलपरचं व्हॉल्यूम लिहून द्यावं. मग पैशांचं काय करायचं ते आपण बसून बोलू.

त्या दिवशी दुकानात खूप गर्दी होती हे मी पाहिलं आहे. ज्यांनी रंग लावला त्या माझ्याशी नीटच वागल्या. माझं म्हणणं फक्त कामाबद्दल आहे.

आपली,
(नाव, फोन नंबर)

बस, एका पानात संपलं. आता यातल्या काही जागांबद्दल बोलते.

‘हॉट रूट्स’ किंवा ‘तुम्ही 30 व्हॉल्यूम वापरलं’ असं मी कुठेही लिहिलं नाही. एक तर त्यांनी काय वापरलं हे मला माहीतच नव्हतं. दुसरं, निदान आपण करायला गेलो की भांडण निदानावर होतं. ‘तू काय कोर्स केलायस का?’ हा प्रश्न येतो, आणि केशरी केस बाजूला राहतात. दोन बोटं, तीन बोटं, चार बोटं यावर कोणी वाद घालू शकत नाही. ताईंनी केस उचलले की दिसणारच आहे. वरचं सगळं शास्त्र मी समजून घेतलं ते पत्रात काय टाकायचं नाही हे ठरवण्यासाठी.

मेहंदीची कबुली द्यायची की नाही, यावर घरात चर्चासत्र झालं. भाऊ म्हणाला, “सांगू नकोस, त्यावरच सगळं ढकलतील.” पण सांगायचं खरं कारण शिष्टाचार नाही, केस आहेत. मेहंदी आहे हे माहीत नसताना कोणी टोकांवर जोरदार ब्लीच मारलं असतं तर टोकं रबरासारखी ताणून तुटली असती. शिवाय काही पाकिटांत धातूचे क्षारही असतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड गेलं की केस गरम होऊन जळू शकतो. म्हणून तर एका बटेवर आधी करून बघायचं. त्याला स्ट्रँड टेस्ट म्हणतात, आणि ती मागायला लाजू नका. आणि कबुली दिली तरी ती टोकांपुरतीच आहे हे पत्रात स्पष्ट ठेवलं. मुळांना तर मेहंदी कधी लागलीच नव्हती.

मागणी एकच ठेवली, दुरुस्ती. लोक एका दमात पैसे परत, फुकट स्पा, माफी असं सगळं मागतात आणि समोरच्याला त्यातलं सगळ्यात स्वस्त निवडायची सोय करून देतात. मग हातात येतो स्पा. आणि माझ्यासाठी पैसे परत हा तितका फायद्याचा सौदा नव्हता. मी बाहेर चौकशी केली होती. बिघडलेला रंग सुधारण्याचं काम पहिल्या रंगापेक्षा महाग असतं, कारण त्यात वेळ दुप्पट जातो.

शेड नंबर आणि व्हॉल्यूम का मागितलं? दुसऱ्या सलॉनमध्ये जायची वेळ आली तर तिथल्या माणसाला ते पहिल्यांदा लागतं. चांगल्या सलॉनमध्ये हे गिऱ्हाइकाच्या नावापुढे लिहून ठेवतात. तुमच्याकडे नसेल लिहीत, तर रंग लावून झाल्यावर रिकाम्या ट्यूबचा फोटो काढून ठेवा. मी आता तेच करते.

आणि शेवटचा परिच्छेद. त्या मुलीचं नाव मी मुद्दाम लिहिलं नाही, ‘नवी मुलगी’ असंही नाही. कोणी काय केलं हे ताईंना माहीतच होतं.

एका श्रोत्याने विचारलं, आणि उत्तरच आलं नाही तर? तर थोडं कायद्याचं. पैसे देऊन घेतलेली सेवा नीट नसेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात, आणि सलॉनची सेवा त्यात येते. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा बिल मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे. पत्राला उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ते दुकानदाराशी संपर्क करून मिटवायचा प्रयत्न करतात, निकाल देत नाहीत. त्याच्या पुढची पायरी नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं.

पण आयोगात जायची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी एक खरी केस. 2018 मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलॉनमध्ये एका मॉडेलचे केस सांगितल्यापेक्षा खूपच आखूड कापले. 2021 मध्ये राष्ट्रीय आयोगाने तिला दोन कोटी रुपये भरपाई सांगितली. ही बातमी तुमच्यापैकी अनेकांनी फॉरवर्ड केली असेल. 2023 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटलं ते मात्र कमी लोकांनी वाचलं. सेवेत त्रुटी होती हे न्यायालयाने मान्य ठेवलं, पण भरपाईचा आकडा कागदपत्रांवर उभा राहिला पाहिजे असं म्हणून तेवढा भाग पुन्हा आयोगाकडे पाठवला. इतक्या मोठ्या केसमध्येही प्रश्न शेवटी ‘नुकसान किती, दाखवा’ इथे आला. माझ्या 3,800 च्या केसमध्ये माझ्याकडे चार फोटो, एक बिल आणि एक पत्राची प्रत होती. पत्र देताना त्याचा फोटो काढून ठेवायला विसरू नका.

आणि हो, पत्रात कायद्याचं नावही मी घेतलं नाही. पहिल्याच पत्रात 1915 लिहिलं की समोरचा माणूस ताई राहत नाही, ‘विरुद्ध पक्ष’ होतो. ती ओळ दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवली होती. लागली नाही.

ताईंचा फोन त्याच दिवशी दुपारी आला. पहिलं वाक्य होतं, “अगं, आईला सांगायचं ना सरळ, पत्र कशाला लिहिलंस?” थोडा राग होताच आवाजात. मी म्हटलं, “ताई, फोनवर मला नीट सांगता आलं नसतं.” मग त्या म्हणाल्या, “फोटो बघितले. मुळं केशरी आलीत, खरंय. ये बुधवारी.” बुधवार म्हणजे 19 तारीख.

काम असं झालं. आधी कानामागच्या पट्ट्यातली एक बारीक बट आणि टोकाची एक बट घेऊन दोन्हींवर करून बघितलं. मग पट्ट्याला पहिल्या वेळचाच रंग पातळ पातळ भाग घेऊन लावला, कारण तिथे केस अजून कोरेच होते आणि त्यांना पूर्ण वेळ लागणार होता. ते मुरत असताना मुळांवर 5.1 लावला, 10 व्हॉल्यूमबरोबर. टिंबानंतरचा 1 म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या भाषेत अॅश, राखाडी-निळसर झाक. केशरी रंगाला निळा रंग मारतो, म्हणून अॅश. आणि 10 व्हॉल्यूम यासाठी की आता मुळं आणखी उजळायची नव्हती, नुसती झाकायची होती. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघत होत्या. शेवटची काही मिनिटं तोच रंग मधल्या केसांवर ओढला.

यातली गोम कळली का? केस सारखे झाले ते गडद करून. वरचे केशरी केस खाली आणले, खालचे वर नाही नेले. उजळ भाग गडद करणं सोपं आणि केसाला कमी त्रासाचं. गडद भाग उजळणं अवघड. म्हणजे दुरुस्तीनंतर मिळणारा रंग पहिल्यांदा मागितलेल्यापेक्षा गडदच असणार. हे आधीच मनाशी धरून जा, नाहीतर दुरुस्तीवरही तक्रार कराल.

टोकांच्या बटेवर रंग काही हलला नाही. ताई म्हणाल्या, “ब्लीच केलं तर निघेल थोडा, पण टोकं आधीच कोरडी आहेत, मी नाही करणार.” मी दोन बोटं कापून घेतली. उरलेली दोन बोटं अजून काळी आहेत. लग्नात केस वळवून बांधले, तर कोणाला कळलंसुद्धा नाही. कानामागचा भाग जवळ येऊन बघितला तर किंचित वेगळा दिसतो. मला चालतो.

रंग ताईंनी स्वतः लावला, पण त्या मुलीला शेजारी उभं केलं होतं. “हे बघ, मुळं शेवटी. आणि भाग एवढाच घ्यायचा, खालचा दिसला पाहिजे त्यातून,” असं सांगत होत्या. ती वाटी धरून उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. निघताना तिनेच ड्रायर लावला आणि हळूच विचारलं, “दीदी, मेहंदीचं मी विचारायला पाहिजे होतं ना?” मी म्हटलं, “आणि मी सांगायला.”

बिलावर शून्य लिहून ताईंनी ते माझ्या हातात दिलं, आणि आता काउंटरवर एक वही आली आहे. त्यात नाव, तारीख, शेड, व्हॉल्यूम, आणि एक रकाना: ‘आधी काय लावलं होतं’. पहिल्या ओळीत माझं नाव आहे.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या मोबाइलमध्ये अजून न पाठवलेला रागाचा मेसेज पडून असेल तर नावं खोडून मला पाठवा, वाचू या.